घरमालकाचं गॅरेज सामानासाठी भाड्यानं मागताना

पुण्यात सहकारनगर, कोथरूड, प्रभात रोड अशा भागांत अजून बंगले उरलेत. तळमजल्यावर मालक, वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि मागच्या अंगाला शटर ओढून बंद ठेवलेलं गॅरेज, ही तिथली नेहमीची मांडणी. गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते आणि गॅरेजमध्ये जुनं कूलर, मोडका पाळणा, रंगाचे रिकामे डबे. वरच्या भाडेकरूला जागेची अडचण झाली की त्याची नजर साहजिकच या शटरकडे जाते. ‘काका, गॅरेज द्याल का?’ एवढं विचारायला काही लागत नाही. पण हे कागदावर कसं आणायचं, याचा विचार विचारण्याआधीच करून ठेवावा, कारण काकांच्या मनातल्या बहुतेक शंकांचं उत्तर तिथंच असतं.

उदाहरण म्हणून एक घर धरू. वरच्या मजल्याचं भाडं महिना २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, त्यातले पाच महिने शिल्लक. भाडेकरूच्या आईवडिलांचं साताऱ्यातलं घर रिकामं करायचंय आणि सागवानी कपाट, शिलाई मशीन, पुस्तकांची खोकी, तांब्यापितळेची भांडी वर मावणार नाहीत. गॅरेज ९ फूट बाय १६ फूट, म्हणजे १४४ चौरस फूट.

आधी पाहा, जागा खरंच त्याच मालकाची आहे का

‘मालक तर तेच’ असं आपण गृहीत धरतो, पण वडिलोपार्जित बंगल्यात तसं असेलच असं नाही. वाटणीत वरचा मजला एका भावाकडे, तळमजला दुसऱ्याकडे आणि गॅरेज दोघांच्या सामाईक वापरात, अशी उदाहरणं भरपूर. आपल्या करारावर सही करणारे काका गॅरेजपुरते निम्मेच मालक निघाले, तर परदेशातला भाऊ दिवाळीला येऊन ‘हे कुणाचं सामान?’ असं विचारू शकतो. मालमत्ता कराचं बिल किंवा मालमत्ता पत्रक बघायला मागण्यात गैर काही नाही. दोन नावं असतील तर करारावर दोघांच्या सह्या, किंवा दुसऱ्यानं दिलेलं मुखत्यारपत्र, एवढा आग्रह धरावा.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथं ‘गॅरेज’ म्हणून दाखवली जाणारी जागा पुष्कळदा स्टिल्टमधलं पार्किंग असतं, कधी जाळी लावून बंद केलेलं. सोसायटीनं सभासदाला वाटून दिलेली पार्किंगची जागा त्याला विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, असं आदर्श उपविधी सांगतात. स्टिल्टमधलं पार्किंग स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं. रेरा कायद्यातली गॅरेजची व्याख्याही छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेची आहे. म्हणून सोसायटीत असाल तर मालकाच्या होकाराआधी सेक्रेटरीला विचारा. पार्किंगमध्ये कपाट ठेवलेलं कुणाला खपत नाही आणि पहिली तक्रार मालकावर नाही, तुमच्यावर येते.

मग जागा तपासा, जमलं तर पावसाळ्यात

उन्हाळ्यात प्रत्येक गॅरेज कोरडं असतं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी शटर उघडायला लावा. आत पाऊल टाकताच कुबट वास आला तर तेवढ्यावर नकार देऊ नका, पण पुढच्या गोष्टी नीट पाहा. भिंतीच्या खालच्या फूटभर भागात पांढरी, पिठासारखी भुकटी दिसते का? तो लोणा. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वरून रंग मारला तरी काही महिन्यांत पोपडे पुन्हा निघतात. भिंतीच्या कोपऱ्यांत, दाराच्या चौकटीमागे मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या दिसल्या तर ती वाळवी आहे. सागवानी कपाट आणि पुस्तकं ठेवायची असतील तर हा मुद्दा सोडून देण्याजोगा नाही.

फरशीची ओल डोळ्यांना दिसत नाही, पण ती तपासायला पैसे लागत नाहीत. दीड फूट बाय दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीला घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली असेल, तर ओल खालून येते आहे. अशा जागेत थेट फरशीवर काही ठेवायचं नाही. विटांवर फळ्या टाकून सामान चार इंच वर आणि भिंतीपासून निदान चार इंच लांब, म्हणजे मागून हवा खेळते. प्लॅस्टिक कोरडं निघालं तरी भिंतीपासूनचं अंतर सोडू नका.

शटर स्वतः दोन-तीन वेळा वरखाली करून पाहा. अर्ध्यावर अडकतं का, खालच्या पट्टीत आणि जमिनीत किती फट राहते, दोन्ही बाजूंची कुलपं लागतात का. बोटभर फट असली तरी उंदीर आत येतो आणि गॅरेजकडे उतार असेल तर पावसाचं पाणीही. खालच्या पट्टीला रबर लावून घेणं हे स्वस्त काम आहे. भाड्याची बोलणी चालू असतानाच ते मालकाच्या खर्चात टाकून घ्यावं, नंतर कुणी करत नाही.

काकांना नेमकी कशाची भीती असते

गॅरेज रिकामं पडलंय, तीन हजार सुटतात, तरी मालक ‘बघू’ म्हणतात, त्यामागं बहुधा एकच भीती असते: हा माणूस इथं धंदा थाटेल आणि मग निघणार नाही. ही भीती निराधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जागा ताब्यात मिळेपर्यंत दुप्पट शुल्क मागू शकतो. हा मार्ग तुलनेनं जलद आहे. पण तो फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. गॅरेज स्वतंत्रपणे, राहण्याव्यतिरिक्तच्या वापरासाठी दिलं तर मालकाला नेहमीच्या कोर्टाची वाट धरावी लागते. तिथं किती काळ जातो हे काकांना माहीत असतं.

याच कायद्याच्या कलम ७(९) मध्ये ‘जागा’ म्हणजे काय, हे सांगितलंय. इमारतीला किंवा तिच्या भागाला जोडून असलेली बाग, मोकळं आवार, गॅरेज आणि आउटहाउस त्यात धरलेली आहेत. म्हणजे गॅरेज घराच्याच करारात, घराला जोडून असलेली जागा म्हणून आणि घरगुती वापरासाठीच लिहून घेतलं, तर ते राहण्याच्या जागेचा भाग म्हणून मांडता येतं आणि मालकाला घरासोबत गॅरेजसाठीही कलम २४ चा आधार घेता येतो. माझ्या मते काकांची शंका घालवायला याहून चांगला मुद्दा नाही. तो तुम्ही स्वतःहून मांडला तर त्यांना कळतं की समोरचा माणूस अडकवायला आलेला नाही.

या सोयीची किंमत भाडेकरूही देतो. एकाच करारात दोन्ही गोष्टी आल्या की एकीची मुदत संपली म्हणजे दुसरीचीही संपली. गॅरेज नको झालं तरी वेगळं कलम नसेल तर ते सोडता येत नाही. ते कलम पुढे दिलंय.

विचारायचं कसं

जिन्यात भेटल्यावर चालता चालता विचारू नका. आधी एक छोटा निरोप पाठवा, मग समोर बसून बोला. लेखी निरोपात सामान कुठलं, वापर कुठला आणि किती काळासाठी, हे तिन्ही यावं. भाड्याचा आकडा त्यात घालू नका, तो समोरासमोरच.

> काका, नमस्कार. साताऱ्याचं घर आम्ही पुढच्या महिन्यात रिकामं करतोय. आईबाबांचं थोडं सामान आहे: कपाट, शिलाई मशीन, भांडी आणि पुस्तकांची दहाबारा खोकी. वर मावणार नाही. मागचं गॅरेज तुम्हाला सध्या लागत नसेल तर फक्त या घरगुती सामानासाठी भाड्यानं मिळेल का? धंद्याचा माल, गॅस, पेट्रोल काही ठेवणार नाही. घराच्या कराराबरोबरच त्याचीही मुदत संपेल असं लिहून घेऊ. आत तुमचं सामान आहे, ते कसं लावायचं तेही ठरवू. रविवारी सकाळी दहा मिनिटं खाली येऊ का?

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. गॅरेजमधलं मालकाचं सामान हे नकाराचं एक न बोललेलं कारण असतं. ते हलवायचं कोण, टाकायचं काय आणि जपायचं काय, या विचारानंच काकू ‘नको ते’ म्हणतात. ‘एका कोपऱ्यात नीट रचून देतो, तुमच्यासमोर’ असं सांगितलं की अर्धं काम होतं. रचल्यावर त्याचे फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा.

भाडं किती सांगायचं

घराच्या दरानं गॅरेजचं भाडं काढणं मालकाच्या बाजूनं झुकणारं असतं. आपल्या उदाहरणात घर ७५० चौरस फूट धरलं तर दर चौरस फुटाला ३२ रुपये पडतात. त्या हिशेबानं १४४ फुटांचे ४,६०८ होतात. पण गॅरेजमध्ये संडास, पाणी, खिडकी यांतलं काहीच नाही, तेव्हा हा आकडा वरची मर्यादा समजा. खालची मर्यादा म्हणजे मालकाला ज्यासाठी शटर उघडण्याची तसदी घ्यावीशी वाटेल ती रक्कम. या दोहोंच्या मध्ये ३,००० रुपयांवर, शटरचं रबर आणि ग्रीसिंग मालकाकडे ठेवून, सौदा जुळायला हरकत नसावी. डिपॉझिट १०,०००. यापेक्षा जास्त मागितलं तर, गॅरेजमध्ये मोडण्यासारखं फारसं काही नसतं, हे हसत सांगता येतं.

कागद: एक करार की दोन?

इथं बहुतेक लोक साध्या कागदावर चार ओळी लिहून मोकळे होतात, किंवा तेही नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे ‘कशाला उगाच खर्च’ म्हणणारे काका स्वतःचंच नुकसान करून घेत असतात. हे त्यांना शांतपणे सांगावं, धमकीच्या सुरात नको.

आता खर्चाचा हिशेब. मुद्रांक शुल्क कराराच्या मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर ०.२५ टक्के असतं. करार ६० महिन्यांपर्यंतचा असला की हा दर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आपल्या उदाहरणात उरलेल्या पाच महिन्यांसाठी गॅरेजचा वेगळा करार केला, तर भाडं १५,००० आणि डिपॉझिटवरचं व्याज सुमारे ४१७, मिळून १५,४१७. त्याचे ०.२५ टक्के चाळीस रुपयेही भरत नाहीत. पण नोंदणी फी पूर्ण, वर ऑनलाइन नोंदणीचा हाताळणी खर्च आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी. तीन हजारांच्या गॅरेजसाठी पाच महिन्यांत हा भार जाणवतो.

नवा एकत्र करार अकरा महिन्यांसाठी केला तर महिन्याला २७,००० प्रमाणे २,९७,००० आणि ८५,००० डिपॉझिटवरचं अकरा महिन्यांचं व्याज सुमारे ७,७९२. एकूण ३,०४,७९२, त्यावर मुद्रांक साधारण ७६२ रुपये. नोंदणी फी एकदाच. म्हणून मुदत संपायला दोनेक महिने उरले असतील तर थांबावं आणि नूतनीकरणात गॅरेज घालावं. पाच महिने असतील आणि सामान थांबणार नसेल, तर दोघांच्या संमतीनं जुना करार संपवून आजपासून नवा एकत्र करार करणं मला जास्त सोयीचं वाटतं. खर्च पुढच्या वेळी होणारच होता, तो थोडा आधी झाला. फक्त जुन्या कराराची भाडेवाढ याच निमित्तानं लवकर लागू होणार नाही, एवढं आधी बोलून घ्या. काका विसरले तरी काकूंच्या लक्षात असतं.

एजंटकडे तयार नमुना असतो आणि त्यात गॅरेज बसत नाही. तो ‘सदर सदनिका’ एवढंच लिहून पुढं जातो. खालची कलमं आपण लिहून त्याच्या हातात द्यावीत:

> परिशिष्टातील पहिल्या मजल्याच्या सदनिकेसोबत, सदर इमारतीस जोडून मागील बाजूस असलेले, सुमारे ९ फूट बाय १६ फूट मापाचे शटर असलेले गॅरेज हे सदर जागेचा भाग राहील.
>
> गॅरेजचा वापर लायसन्सधारकाने केवळ घरगुती सामान ठेवण्यासाठी करावा. तेथे व्यवसाय, राहणे, तसेच ज्वलनशील वस्तू ठेवणे यास परवानगी नाही. गॅरेजच्या पत्त्यावर कोणताही व्यावसायिक परवाना किंवा नोंदणी घेता येणार नाही.
>
> मासिक शुल्कापैकी रु. ३,००० आणि डिपॉझिटपैकी रु. १०,००० ही रक्कम गॅरेजपोटी आहे. लायसन्सधारकास एक महिन्याची लेखी सूचना देऊन केवळ गॅरेज परत करता येईल. तसे केल्यास त्या तारखेपासून सदर शुल्क बंद होईल व गॅरेजचे डिपॉझिट सात दिवसांत परत मिळेल.

तिसरं कलम तुमच्यासाठी. रक्कम वेगळी लिहिलेली नसेल तर गॅरेज सोडूनही सत्तावीस हजारच भरत राहावं लागतं. मालकाला गाडी घेतल्यावर गॅरेज परत हवं असेल, तर त्यांनाही असंच कलम मागायचा हक्क आहे. फक्त त्यांच्या बाजूची सूचना दोन महिन्यांची ठेवा, पर्यायी जागा शोधायला एक महिना पुरत नाही.

किल्ली आणि वीज

कुलूप तुमचं, दुसरी किल्ली पाकिटात घालून, चिकटवून, पाकिटावर सही करून मालकाकडे. मागं मोटर किंवा पाण्याची लाइन असेल तर प्लंबरसाठी कधीही दार उघडावं लागतं आणि तुम्ही गावाला गेलेले असता. पाकीट फोडलं तर कळवायचं, एवढं बोलून ठेवा.

गॅरेजमधला दिवा मालकाच्या मीटरवर असतो. एखाद्या दिव्यापुरतं कुणी मोजत नाही. पण तिथं फ्रीज ठेवला, ई-स्कूटर चार्ज करायला लावली की बिल वाढतं आणि कुरबुर सुरू होते. असं काही करायचं असेल तर आधी सबमीटर बसवा. घरगुती जोडणीवर व्यावसायिक वापर झाला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते आणि ती मीटरच्या मालकाच्या नावे येते.

सामान धंद्याचं असेल तर

ऑनलाइन साड्या विकणारे, केटरिंगची भांडी ठेवणारे, इव्हेंटवाले यांनी वरचा मार्ग धरू नये. ‘घरगुती सामान’ असं लिहून आत माल रचला तर अटभंग होतो आणि मालकाला घरही काढून घेण्याचं कारण मिळतं. तिथं स्वतंत्र, बिगरनिवासी वापराचा करारच हवा, भाडंही जास्त पडेल. मंजूर नकाशात ती जागा वाहनासाठी दाखवलेली असते, त्यामुळे गोदाम म्हणून वापरल्यास महापालिकेचा आक्षेप येऊ शकतो. तुमच्याकडे जीएसटी नंबर असेल तर गोदामाचा पत्ता नोंदणीत जादा व्यवसायस्थळ म्हणून दाखवावा लागतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यावसायिक जागा नोंदणीकृत व्यापाऱ्यानं घेतली, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूनं स्वतः भरायचा असतो. कॉम्पोझिशन योजनेतले यातून नंतर वगळले गेले. राहत्या बंगल्यात हे सगळं मालक बहुधा मान्य करणार नाहीत आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

सामान आत गेल्यावर आणि निघताना

घरातल्या सामानाचा विमा असेल तर तो पॉलिसीत लिहिलेल्या जागेपुरता असतो. मागचं गॅरेज त्यात येतं का, हे कंपनीला ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुस्तकांची खोकी पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी उघडून पाहा. पानांना बुरशीचा वास लागला की ती इतर खोक्यांत पसरायला वेळ लागत नाही.

जागा सोडताना गॅरेज आधी रिकामं करा, घर नंतर. उलटं केलं की गॅरेजमध्ये दोन खोकी राहून जातात, तेवढ्यावरून ‘अजून ताबा दिलेला नाही’ असं म्हणून पूर्ण डिपॉझिट अडकतं आणि ८५,००० रुपये दोन खोक्यांपायी लटकतात. गॅरेज झाडून, मालकाचं सामान जुन्या फोटोप्रमाणे जागेवर आहे हे त्यांना दाखवून, कुलूप काढून किल्ल्या द्या आणि ‘गॅरेजचा ताबा आज मिळाला’ असा दोन ओळींचा निरोप त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर घ्या. घराची आवराआवर त्यानंतर.